यंत्राच्या बदल्यात शेअर

समजा, एका कंपनीने यंत्र घेतले आणि विक्रेत्याला रोख न देता प्रत्येकी 10 रुपये दर्शनी किमतीचे 20,000 शेअर दिले. वहीत यंत्र किती रुपयांना लिहायचे? अनेकजण 2 लाख म्हणतील. ते चूक आहे.

इंड-एएस 102 या लेखामानकानुसार आधी यंत्राचे वाजवी मूल्य पाहायचे, तेही यंत्र ताब्यात आले त्या दिवसाचे. तसेच यंत्र बाजारात रोखीने 24 लाखांना मिळत असेल, तर यंत्राच्या खात्यावर 24 लाख नावे, भागभांडवलात 2 लाख जमा आणि उरलेले 22 लाख प्रतिभूती अधिमूल्यात जमा. यंत्र खास बनवून घेतलेले असेल, त्याची किंमत खात्रीने ठरत नसेल, तरच शेअरचे वाजवी मूल्य धरायचे.

खरा धोका फुगवलेल्या बिलाचा. त्याच यंत्राचे 40 लाख दाखवले, की विक्रेत्याला जास्त शेअर जातात आणि जुन्या भागधारकांचा वाटा नकळत घटतो. म्हणून ठरावाला मत देण्यापूर्वी नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा अहवाल मागून घ्या आणि त्यातली किंमत दुसऱ्या विक्रेत्याच्या रोखीच्या दरपत्रकाशी ताडून पाहा.