रिजेक्शन घटलं, पण तुमच्यामुळे किती?

मार्च संपत आला की कंपनीत अप्रेझलचे फॉर्म येतात आणि बहुतेक जण ‘जबाबदारीने काम केले’, ‘गुणवत्ता सुधारली’ अशी वाक्यं लिहून मोकळे होतात. वर्षभराच्या कामाचा आकडा काढायचा कसा, हे कोणी शिकवलेलंच नसतं.

समजा, भोसरीतल्या तीन-चारशे माणसांच्या एका कारखान्यात तुम्ही क्वालिटी विभागात आहात. गेल्या वर्षी चार लाख नग तयार झाले, त्यातले १२ हजार रिजेक्ट झाले. यंदा पाच लाखांपैकी १० हजार. ‘दोन हजार नग वाचवले’ असं लिहिलंत तर स्वतःवरच अन्याय कराल, कारण यंदा उत्पादन वाढलं आहे. टक्केवारी काढा: गेल्या वर्षी ३, यंदा २. जुन्याच दराने यंदा १५ हजार नग वाया गेले असते, म्हणजे खरे वाचले पाच हजार. एका नगावरचा खर्च ८० रुपये आणि भंगारात त्याचे २० रुपये येत असतील, तर नगामागे नुकसान ६० रुपयांचं. बचत झाली तीन लाखांची.

इथेच पुष्कळ जण थांबतात आणि मीटिंगमध्ये अडकतात. ऑक्टोबरमध्ये नवं मशीन आलं होतं, हे साहेबांना ठाऊक असतं. त्यांनी विचारण्याआधी आपणच वर्षाचे दोन भाग पाडावेत. एप्रिल ते सप्टेंबर, जुन्याच मशीनवर, तुम्ही प्रत्येक शिफ्टचा पहिला नग तपासूनच काम पुढे सोडायला लावलं आणि रिजेक्शन २.४ टक्क्यांवर आलं. त्या सहामाहीतल्या अडीच लाख नगांवर ०.६ टक्के, म्हणजे दीड हजार नग, ९० हजार रुपये. पहिल्या सहामाहीत दुसरा कुठलाच बदल झाला नसेल, तर एवढं तुमच्या नावावर लिहा. उरलेले साडेतीन हजार नग ‘नवीन मशीन आणि तपासणी पद्धत, दोन्हींमुळे’ असे मांडा. तीन लाखांपेक्षा ९० हजार लहान दिसतात खरे, पण ते खोडून काढता येत नाहीत.

ग्राहकाकडून परत आलेला माल वाढला असेल तर तोही आकडा कारणासकट लिहावा. कारखान्यात रिजेक्शन कमी आणि ग्राहकाकडे जास्त, याचा एक अर्थ तपासणी सैल झाली असाही होतो, आणि अनुभवी माणूस तो लगेच काढतो.

एवढं करूनही पगारवाढ ठरते ती विभागाच्या बजेटमध्येच. चोख फॉर्ममुळे ते बजेट वाढत नाही.

फॉर्म पाठवण्याआधी नगाचा खर्च आणि भंगाराचा दर अकाउंट्सकडून तपासून घ्या, आणि दर महिन्याच्या रिजेक्शन रिपोर्टची प्रत आजपासूनच जपून ठेवा.