वर्षाची खाती आणि कायमची खाती

मापट्याने धान्य मोजणारा माणूस प्रत्येक माप कणगीत ओततो आणि मगच दुसरे भरतो. माप रिकामे केले नाही, तर पुढचे मोजताच येणार नाही. कणगी मात्र तो रिकामी करत नाही. तिच्यात कालचे धान्य असते, त्यावरच आजचे पडते. हिशेबाच्या वहीतही अशीच दोन तऱ्हेची खाती असतात. काही खाती मापट्यासारखी, तर काही कणगीसारखी.

समजा, आपली एक पिठाची गिरणी आहे. खतावणीत दळणाचे खाते आहे. वीज, भाडे, नोकराचा पगार, दुरुस्ती यांची खाती आहेत. ही सारी मापटी. यंदा दळणाचे किती आले, विजेला किती गेले, एवढेच ती सांगतात. वर्ष संपले की त्यांचे काम संपले. यांना तात्पुरती खाती म्हणावे.

दुसरीकडे रोख रकमेचे खाते आहे, चक्कीचे आहे, गिऱ्हाइकांकडील उधारीचे आहे. मेहुण्याकडून बिनव्याजी पैसे घेतले, त्या देण्याचे आहे. आणि आपण धंद्यात घातलेल्या भांडवलाचे आहे. ही कणगीसारखी. ३१ मार्चच्या रात्री चक्की नाहीशी होत नाही आणि मेहुण्याचे देणेही फिटत नाही. म्हणून या खात्यांची शिल्लक जशीच्या तशी पुढच्या वर्षात न्यायची. ही कायमची खाती.

पूर्वी पुष्कळ व्यापारी दिवाळीला जुनी वही बंद करून पाडव्याला नवी उघडत. आयकरासाठी १९८९ पासून सर्वांचे वर्ष ३१ मार्चलाच संपते. म्हणून आम्हीही तोच दिवस धरतो.

आता आकडे घेऊ. १ एप्रिल २०२४ ला गिरणीत रोख १०,००० रुपये होते आणि चक्की ८०,००० ची होती. मेहुण्याचे देणे ३०,००० होते. म्हणजे आपले भांडवल ६०,००० झाले.

वर्षभरात दळणाचे २,४०,००० झाले. त्यांतले ५,००० गिऱ्हाइकांकडे उधार राहिले. खर्च असा झाला: वीज ७०,०००, भाडे ३६,०००, पगार ४८,०००, दुरुस्ती ८,०००. शिवाय चक्की वर्षभर झिजली, त्या घसाऱ्याचे ८,००० धरले. एकूण खर्च १,७०,०००. घरखर्चासाठी आपण ६०,००० नेले, ते 'उचल' खात्यात मांडले. मेहुण्याला १०,००० परत केले. ते त्याच्या देण्यातून वजा झाले. तो खर्च नव्हे.

आता ३१ मार्च २०२५ उजाडला. मापटी ओतायची आहेत. ओतायची कशात? त्यासाठी एक नवे खाते उघडायचे, 'नफा-तोटा' खाते. मग कीर्दीत चार नोंदी करायच्या.

पहिली नोंद आमदनीची. दळण खात्यात वर्षभर जमेच्या बाजूला २,४०,००० साचले आहेत. तेवढीच रक्कम त्या खात्यात नावे लिहायची आणि नफा-तोटा खात्यात जमा करायची. दळण खाते शून्य झाले.

दुसरी नोंद खर्चाची. खर्चाची खाती नावेच्या बाजूला भरलेली असतात. म्हणून प्रत्येकात त्याची रक्कम जमा लिहायची, वीज ७०,०००, भाडे ३६,००० याप्रमाणे. नफा-तोटा खात्यात एकूण १,७०,००० नावे लिहायचे. खर्चाची पाचही खाती शून्य झाली.

आता नफा-तोटा खात्यात काय उरले? जमा २,४०,०००, नावे १,७०,०००. म्हणजे जमेला ७०,००० जास्त. हाच यंदाचा नफा.

तिसरी नोंद नफ्याची. नफा मालकाचा. म्हणून नफा-तोटा खात्यात ७०,००० नावे लिहून ते भांडवल खात्यात जमा करायचे. तोटा झाला असता, तर हीच नोंद उलटी केली असती. नफा-तोटा खातेही आता शून्य झाले.

चौथी नोंद उचलीची. उचल खात्यात ६०,००० जमा लिहायचे आणि भांडवल खात्यात नावे. मालकाने आपलेच भांडवल तेवढे उचलले, असा याचा अर्थ.

भांडवल किती झाले? ६०,००० होते, ७०,००० आले, ६०,००० गेले. राहिले ७०,०००. आता ताळा पाहू. रोख १३,०००, उधारी ५,०००, आणि घसारा वजा जाऊन चक्की ७२,०००, मिळून ९०,०००. दुसऱ्या बाजूला मेहुण्याचे २०,००० आणि भांडवल ७०,०००, तेही ९०,०००. हिशेब जुळला. ही पाचच खाती १ एप्रिलला शिल्लक घेऊन उभी राहतात. बाकी सारी शून्यापासून सुरू होतात.

यात चुका कुठे होतात? एखादे खाते बंद करायचे राहून जाते. समजा, वीज खाते राहिले आणि एप्रिलचे बिल ६,००० आले. खाते ७६,००० दाखवील. एका महिन्यात एवढी वीज कशी जळेल? पण तेरीज घ्याल, तर ती बरोबर जुळेल! कारण नोंद राहिली ती दोन्ही बाजूंनी राहिली. म्हणून तेरजेवर विसंबू नये. १ एप्रिलला खतावणी उलटून पाहावी. आमदनी, खर्च वा उचल यांच्या एकाही खात्यात आकडा उरता कामा नये.

दुसरी चूक याहून फसवी. पुष्कळ जण घरखर्चाची उचल नफा-तोटा खात्यात ओततात. मग खर्च २,३०,००० होतो आणि नफा दिसतो अवघा १०,०००. भांडवलाची शिल्लक मात्र तीच येते: ६०,००० अधिक १०,०००, म्हणजे ७०,०००. ताळेबंदही जुळतो. चूक कुणाच्या ध्यानात येत नाही. पण घरात बोलणे सुरू होते, की वर्षभर राबून दहा हजारच सुटतात, गिरणी विकून टाकावी. खरे पाहता गिरणीने सत्तर हजार दिले. त्यांतले साठ हजार घराने खाल्ले. गिरणी ठेवायची की विकायची, हे या एका नोंदीवर फिरू शकते. म्हणून गिरणीने काय मिळवले आणि घराने काय नेले, हे दोन्ही वेगळे दिसले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. खाती बंद करण्याआधी वर्षाचे सारे काही त्यांत आलेले असावे. मार्चचे वीजबिल एप्रिलात भरायचे असेल, तरी ते मार्चचाच खर्च. ते ३१ मार्चला वीज खात्यात नावे लिहून 'देणे वीजबिल' खात्यात जमा करावे. हे देण्याचे खाते कायमचे. बिल भरले की ते मिटते. तसेच ५,००० ची उधारी एप्रिलात वसूल झाली, तर ती दळण खात्यात जमा करू नये. ते दळण गेल्या वर्षी मोजून झाले आहे. रोख वाढली आणि उधारी मिटली, एवढेच लिहावे. नाही तर एकच दळण दोन वर्षांत दोनदा मोजले जाईल.

आपल्या वहीतले एकेक खाते घ्या आणि विचारा: ३१ मार्चच्या रात्री ही वस्तू, हे येणे किंवा हे देणे सकाळपर्यंत टिकेल का? टिकत असेल, तर शिल्लक पुढे न्या. तो नुसता वर्षाचा मोजलेला आकडा असेल, तर नोंद करून शून्यावर आणा.