दोन रिंग आणि पीएफचा हिशेब

मिस कॉल द्यायला आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. बॅलन्स संपत आला की एक रिंग म्हणजे ‘पोचले’, दोन रिंग म्हणजे ‘फोन कर’, हे घराघरांत ठरलेलं असायचं. त्याच आपल्या सवयीवर आता बँका, गॅसवाले आणि सरकारी कार्यालयं काम करतात. आपण रिंग देतो, फोन आपोआप कटतो आणि थोड्या वेळात मेसेज येतो. आज मी त्यातल्या एकाच मिस कॉलबद्दल सविस्तर बोलणार आहे, कारण आमच्या गटातल्या एका ताईचा पाच-सहा हजारांचा प्रश्न त्यानं उघडा पाडला. तो मिस कॉल आहे पीएफचा, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा.

आमच्या गटातल्या बऱ्याच जणी रांजणगाव, बजाजनगर भागात राहतात आणि वाळूजच्या कंपन्यांमध्ये पॅकिंगला जातात. काही शेंद्र्याला, काही चिकलठाण्याला. कामावर ठेवणारा असतो ठेकेदार. पगाराच्या चिठ्ठीवर ‘पीएफ’ म्हणून रक्कम कापलेली दिसते. ती पुढं खरंच भरली जाते का, हे विचारायची सोय बाईकडं नसते. सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणतो, भरतोय की. झालं, विषय संपला.

आधी हिशेब समजून घेऊ. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 12,000 रुपये असतील, तर तुमचे 12 टक्के, म्हणजे 1,440 रुपये कापले जातात. मालकानंही तेवढेच, 1,440 रुपये, स्वतःच्या खिशातून घालायचे असतात. मालकाच्या रकमेतले साधारण 1,000 रुपये पेन्शनच्या खात्यात जातात आणि उरलेले 440 तुमच्या पीएफमध्ये. म्हणजे पीएफ खात्यात दर महिन्याला तुमचे 1,440 आणि मालकाचे 440 मिळून 1,880 रुपये पडायला हवेत. आणि हे पैसे पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे असतात. मे महिन्याच्या पगाराचे 15 जूनपर्यंत. ही 15 तारीख लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता नंबर लिहून घ्या: 9966044425. जुन्या पत्रकांवर दिल्लीचा 011 नं सुरू होणारा नंबर सापडतो, तो आता बदललेला आहे. या नंबरवर तुमच्या नोंदवलेल्या मोबाइलवरून फोन लावा. दोन रिंगनंतर तो आपोआप कटतो, पैसे लागत नाहीत. मग मेसेज येतो. त्यात शेवटचा हप्ता कोणत्या महिन्याचा जमा झाला आणि खात्यात एकूण किती शिल्लक आहे, हे दोन आकडे असतात. स्मार्टफोन लागत नाही, नेट लागत नाही, साधा बटणांचा फोनही चालतो.

पलीकडं कुणी माणूस बसलेला नसतो बरं का. तिथलं यंत्र फक्त एकच गोष्ट बघतं, फोन कोणत्या नंबरवरून आला. तो नंबर त्यांच्या नोंदीत सापडला की त्या नंबरच्या मालकिणीचा हिशेब शोधून त्याच नंबरवर मेसेज पाठवतं. तुमचं नाव, आवाज, पासवर्ड काहीच विचारत नाही. म्हणून सोपं आहे, आणि म्हणूनच अडतंही. यंत्रासाठी तुम्ही म्हणजे तुमचा नंबर.

आमच्याकडं सगळ्यात जास्त वेळ याच गोष्टीत गेला. गटाच्या बैठकीत एकदा सहा जणींनी मिस कॉल दिले, मेसेज दोघींनाच आला. बाकीच्या म्हणाल्या, हे सगळं खोटं असतं. मग एकेकीचं बघितलं. एकीच्या फोनमध्ये दोन सिम होती, कॉल दुसऱ्याच सिमवरून जात होता. दुसरीचा नंबर कामाला लागताना तिच्या नवऱ्याचा लिहून दिलेला, त्यामुळं तिनं हजार वेळा मिस कॉल दिला तरी यंत्र तिला ओळखणारच नाही. उरलेल्या दोघींचा यूएएन चालूच केलेला नव्हता.

यूएएन म्हणजे पीएफचा 12 आकडी नंबर. बहुतेक वेळा तो पगाराच्या चिठ्ठीवरच असतो, नसेल तर ठेकेदाराकडं किंवा कंपनीच्या एचआरकडं मागायचा. नोकरी बदलली तरी तो तोच राहतो. कुणी ‘नवीन काढू’ म्हणालं तर जुना आहे हे सांगा, नाहीतर पैसे दोन ठिकाणी विभागले जातात. मिस कॉलचं उत्तर यायला तीन गोष्टी लागतात: यूएएन चालू केलेला हवा, त्यावर तुमचा स्वतःचा मोबाइल हवा आणि आधार, पॅन किंवा बँक खातं यांपैकी निदान एक तरी जोडलेलं हवं. हे काम पीएफच्या `unifiedportal-mem.epfindia.gov.in` या साइटवर होतं. आपण सेतू केंद्रावर जाऊन करून घेऊ शकतो. आधारला जोडलेला फोन सोबत न्या, त्यावर ओटीपी येतो. आणि एक अट घाला: मोबाइल नंबर तुमचाच टाकायचा. केंद्रावरचा मुलगा घाईत स्वतःचा नंबर टाकून मोकळा होतो, तसं होऊ देऊ नका.

एवढं करूनही मेसेज आला नाही तर दोन छोट्या गोष्टी बघा. रिचार्ज संपला असेल तर फोन बाहेर जातच नाही. आणि साध्या फोनची मेसेजची पेटी भरली असेल तर नवा मेसेज आत येत नाही, जुने दहा-वीस जाहिरातीचे काढून टाका. काही मोठ्या कंपन्यांचा पीएफ त्यांच्या स्वतःच्या ट्रस्टकडं असतो, त्यांचा हिशेब कंपनीकडंच विचारायचा.

मेसेज इंग्रजीत येतो. मराठीत हवा असेल तर नोंदवलेल्या मोबाइलवरून 7738299899 या नंबरवर असा मेसेज पाठवायचा:

```
EPFOHO UAN MAR
```

शेवटचं MAR म्हणजे मराठी. याला मात्र तुमच्या प्लॅनप्रमाणे साध्या मेसेजचे पैसे पडू शकतात.

आता त्या ताईची गोष्ट. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तिचा यूएएन चालू झाला आणि तिनं मिस कॉल दिला. मेसेज आला, सगळ्यांना आनंद झाला. शिल्लक बघून तीही खूश. मी मात्र महिना बघत होते. मेसेजात महिना होता जून. हा महिना पैसे भरायचा असतो, पगाराचा नव्हे. म्हणजे जून लिहिलंय त्याचा अर्थ मे महिन्याच्या पगाराचा हप्ता आलाय. आणि त्यानंतर? जूनचा पगार 15 जुलैपर्यंत, जुलैचा 15 ऑगस्टपर्यंत, ऑगस्टचा 15 सप्टेंबरपर्यंत, सप्टेंबरचा 15 ऑक्टोबरपर्यंत भरायला हवा होता. चारही तारखा होऊन गेलेल्या. तिच्या चारही चिठ्ठ्यांवर मात्र 1,440 कापलेले. चार महिन्यांचे तिचेच 5,760 रुपये, मालकाचा वाटा वेगळा.

मी तिला लगेच भांडायला पाठवलं नाही. भरणा झाल्यावर खात्यात दिसायला काही दिवस लागतात, त्यामुळं महिन्याच्या 25 तारखेच्या आसपास बघितलेलं बरं. एका महिन्याचा फरक असेल तर थांबून पुन्हा मिस कॉल द्यायचा. इथं चार महिने होते. शिवाय मिस कॉल फक्त शेवटचा हप्ता सांगतो, मधला एखादा महिना गाळलेला असला तर तो त्यात दिसत नाही. त्यासाठी पूर्ण पासबुक काढावं लागतं, ते उमंग अ‍ॅपवर किंवा `passbook.epfindia.gov.in` वर मिळतं. आम्ही ते काढलं, चार ओळी खरंच नव्हत्या.

पासबुकाची प्रत आणि चार चिठ्ठ्या घेऊन ती आधी ठेकेदाराकडं गेली, सोबत त्याच लाइनवरच्या तिघी. तो म्हणाला, सर्व्हर डाउन आहे. मग त्या कंपनीच्या एचआरकडं गेल्या. ठेकेदारानं भरलं नाही तर ज्या कंपनीत काम चालतं तिचीही जबाबदारी असते, हे त्यांना माहीत होतं म्हणून त्या ठाम राहिल्या. पगारातून कापलेला पीएफ न भरणं हा कायद्यानं गुन्हा आहे, नुसता उशीर नाही. नोव्हेंबरमध्ये दोन महिने भरले गेले. उरलेल्या दोन महिन्यांसाठी आम्ही `epfigms.gov.in` वर तक्रार नोंदवली आणि तक्रारीचा नंबर वहीत लिहून ठेवला. पीएफचं कार्यालय आपल्या शहरातही आहे, तो नंबर दाखवून तिथं चौकशी करता येते.

आता थोडं फसवणुकीबद्दल, कारण हे ऐकून कुणीतरी मोबाइलवर ‘पीएफ मिस कॉल नंबर’ शोधायला बसणार. तिथं सापडलेल्या नंबरवर विश्वास ठेवू नका. पीएफच्या स्वतःच्या साइटवरचा नंबर घ्या. खरा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही, पाठवणाऱ्याच्या जागी EPFOHO असं नाव दिसतं. शिल्लक सांगणाऱ्या मेसेजला तुम्हाला काही दाबायची गरज नसते. ‘तुमचा पीएफ अडकलाय, ही लिंक उघडा’ असं आलं, किंवा मिस कॉल दिल्यावर कुणी उलट फोन करून ओटीपी मागितला, तर तो पीएफवाला नाही. 2024 च्या ऑक्टोबरपासून कंपन्यांना मेसेजात फक्त आधी नोंदवून मंजूर केलेल्याच लिंक पाठवता येतात, पण साध्या मोबाइलवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकला ती चाळणी नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 वर फोन करा.

ज्यांचं खातं स्टेट बँकेत आहे त्यांच्यासाठी जाता जाता: शिल्लक विचारायचा मिस कॉल नंबर 09223766666. पण त्याआधी एकदा बँकेत नोंदवलेल्या मोबाइलवरून REG, एक जागा सोडून खाते नंबर, असा मेसेज 09223488888 ला पाठवावा लागतो. एका मोबाइलवर एकाच खात्याची माहिती येते, त्यामुळं सासू-सुनेची दोन्ही खाती एकाच फोनवर असतील तर एकीलाच उत्तर मिळेल.

गॅसचा मिस कॉल मात्र जपून. इंडेनचा 8454955555 हा नंबर माहिती देत नाही, थेट सिलिंडर बुक करतो. आमच्या शेजारच्या छोट्यानं खेळता खेळता शेवटचा नंबर पुन्हा लावला आणि दारात सिलिंडर उभा राहिला. पैसे घरात नव्हते, परत पाठवावा लागला.

आणि हो, त्या ताईनं आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या 25 तारखेला पेनानं गोल केलाय. मागच्या महिन्यात तिच्या मेसेजमधला महिना बरोबर आला. जुने दोन हप्ते अजून यायचे आहेत.