सहीचा अधिकार ठरावातून नेमका कसा द्यावा

छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांच्या बैठकीत एक ठराव हमखास येतो. ‘बँकेचे सर्व व्यवहार पाहण्याचा अधिकार लेखा व्यवस्थापकांना देण्यात यावा, असे सर्वानुमते ठरले.’ सगळे माना डोलावतात आणि ठराव बँकेत जाऊन अडकतो. खाते कोणते, सही एकट्याची की दोघांची, किती रकमेपर्यंत, कधीपासून, यातले काहीच त्यात नसते. ‘सर्व व्यवहार’ म्हटल्यावर कर्ज काढणेही आले का, हा तर फार धोक्याचा प्रश्न आहे. कंपनी कायदा २०१३च्या कलम १७९नुसार कर्ज काढण्याचा निर्णय संचालक मंडळाने प्रत्यक्ष सभेतच घ्यायचा असतो. तो अधिकार पुढे सोपवायचा असेल, तर तसा वेगळा ठरावही सभेतच करावा लागतो. तो असा ओघात देऊ नये.

आता तोच ठराव नीट लिहून पाहू.

‘असे ठरविण्यात येते की, कंपनीच्या अमुक बँकेतील, अमुक शाखेतील चालू खाते क्रमांक अमुक यावरील ५ लाख रुपयांपर्यंतच्या धनादेशांवर लेखा व्यवस्थापक श्री. अबक यांनी एकट्याने सही करावी. त्यापुढील रकमेसाठी त्यांच्यासोबत एका संचालकाची सही आवश्यक राहील. एकाच व्यक्तीला एका दिवशी दिलेले धनादेश मर्यादेसाठी एकत्र मोजावेत. कर्ज, हमी व तारण यांचा अधिकार यात नाही.’

एकत्र मोजण्याचे वाक्य नसेल, तर ९ लाखांचे देणे साडेचार-साडेचार लाखांच्या दोन धनादेशांत एकाच सहीने सहज जाते.

माझ्या मते सर्वांत जास्त घोळ तारखेचा होतो. ‘तत्काळ लागू’ लिहिले आणि बँकेने नव्या सहीची नोंद चार दिवसांनी केली, तर जुनी सही रद्द झालेली आणि नवी चालत नाही, अशा अवस्थेत पगाराची तारीख येते. म्हणून पुढचा परिच्छेद हवा: ‘बँकेने नव्या सहीची नोंद केल्याच्या दिवसापासून हा अधिकार लागू होईल व श्री. कखग यांचा पूर्वीचा अधिकार त्याच दिवशी संपेल. त्याआधी त्यांनी सही केलेले धनादेश वटवावेत.’ मात्र जुनी व्यक्ती नोकरी सोडून गेली असेल किंवा तिच्यावरचा विश्वासच उडाला असेल, तर थांबू नये. तिचा अधिकार ठरावाच्या तारखेलाच संपवावा, संचालकांपैकी कोणाच्या सहीने मधले दिवस निघतील तेही लिहावे आणि त्याच दिवशी बँकेला पत्र देऊन पोच घ्यावी. कारण बँकेला कळेपर्यंत ती जुन्या सहीवर पैसे देत राहते.

शेवटी, ठरावाची प्रमाणित प्रत कोणी द्यायची, हेही नावानिशी नमूद करावे. ज्याला अधिकार मिळतो आहे, त्यानेच ती प्रमाणित करू नये. सभेचे इतिवृत्त ३० दिवसांत नोंदवहीत चढवावे लागते. बँकेला दिलेली प्रत त्या नोंदीशी शब्दशः जुळते की नाही, हे अध्यक्षांनी सही करण्याआधी स्वतः वाचून पाहावे.