तिन्ही रीतींचे उत्तर एकच, तरीही ते शेवटचे नाही

सुरतेत यंत्रमागावर विणलेले कापड थेट बाजारात जात नाही. आधी ते रंगाई-छपाईच्या मिलमध्ये जाते. व्यापारी या कोऱ्या कापडाला ‘ग्रे’ म्हणतात आणि त्याचे ताके टेम्पोत भरून शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सतत जात असतात. कुठल्या भागातला माल कुठल्या मिलला पाठवला म्हणजे एकूण भाडे सर्वांत कमी पडेल, हा प्रश्न म्हणजे गणितातली ‘वाहतूक समस्या’. अमेरिकेत फ्रँक हिचकॉक यांनी १९४१ मध्ये तिची नीट मांडणी केली. त्याआधी १९३० मध्ये रशियात ए. एन. टॉल्स्टॉय यांनी १० ठिकाणांहून ६८ ठिकाणी रेल्वेने माल नेण्याचा असाच प्रश्न हाताने सोडवला होता. त्यांचे उत्तर खरोखरच सर्वोत्तम होते, हे पुढे पडताळून पाहता आले.

समजा, एखाद्या व्यापाऱ्याच्या वहीतल्या अशा तक्त्याचा फोटो कुणी मोबाइलवर पाठवला. जागा सुरतेच्या आहेत, आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. भाडे दर खेपेला शंभर रुपयांत आहे, म्हणजे ९ म्हणजे ९०० रुपये.

| | पांडेसरा | सचिन | कडोदरा | खेपा आहेत |
|---|---|---|---|---|
| कतारगाम | ९ | १४ | १३ | २० |
| उधना | ३ | ८ | ११ | ३० |
| लिंबायत | ५ | ११ | ८ | २५ |
| खेपा हव्यात | २५ | ३५ | १५ | ७५ |

पहिला गैरसमज फोटोबद्दलचाच आहे: कडेच्या बेरजा जुळल्या की तक्ता बरोबर वाचला गेला. इथे २०, ३० आणि २५ मिळून ७५ होतात, २५, ३५ आणि १५ मिळूनही ७५. या मेळाने कडेचे आकडे तपासले जातात, आतल्या भाड्यांवर त्याचा काहीच पहारा नसतो. बेरजा जुळल्या नाहीत, तर पुस्तकातली सवय सांगते की एक काल्पनिक मिल जोडा आणि फरक तिच्या नावावर टाका. माल खरोखरच जास्त असेल तेव्हा ते योग्यच. पण कडोदऱ्याचे १५ फोटोच्या कडेला अंधूक होऊन १० वाचले गेले असतील, तर काल्पनिक मिल ती चूक झाकून टाकते. आधी मूळ वही पुन्हा पाहावी, काल्पनिक रकाना मग.

दुसरा गैरसमज जास्त खोल रुजलेला आहे: सुरुवातीच्या वाटपाची रीत चांगली असली की येणारे उत्तर सर्वोत्तमच असते. तीन रीती प्रचलित आहेत. वायव्य कोपऱ्याची रीत भाड्याकडे पाहतच नाही, डावीकडच्या वरच्या खान्यापासून भरत जाते. किमान भाड्याची रीत सर्वांत स्वस्त खाना आधी भरते. व्होगेलची रीत प्रत्येक ओळीत आणि रकान्यात सर्वांत स्वस्त आणि त्याच्यानंतरचा स्वस्त खाना यांतला फरक काढते. तो फरक जिथे सर्वांत मोठा, तिथे स्वस्त संधी हुकली तर जास्त भुर्दंड बसणार, म्हणून ती आधी तिथला स्वस्त खाना भरते.

किमान भाड्याने चालल्यास उधना-पांडेसराला २५ खेपा जातात. उधन्याच्या उरलेल्या ५ सचिनला. लिंबायतहून कडोदऱ्याला १५, सचिनला १०. कतारगामच्या २० सचिनला. एकूण भाडे ७५, ४०, १२०, ११० आणि २८० मिळून ६२५, म्हणजे ६२,५०० रुपये. व्होगेलची रीत इथे नेमक्या याच वाटपावर येते. आणि वायव्य कोपऱ्याची आंधळी रीत वेगळे वाटप देते, पण तिचीही बेरीज ६२५च. तीन वाटांनी एकच आकडा आल्यावर कुणाचीही खात्री पटेल, आणि नेमकी इथेच फसगत होते. सुरुवातीच्या रीतींचे एकमत हा पुरावा नव्हे. पुरावा देणारी चाचणी वेगळी आहे.

ती अशी. प्रत्येक ओळीला आणि रकान्याला एक आकडा द्यायचा. अट एकच: भरलेल्या खान्यात ओळीचा आणि रकान्याचा आकडा मिळून त्या खान्याचे भाडे यावे. उधन्याला शून्य धरले तर पांडेसरा ३ आणि सचिन ८. मग लिंबायत-सचिनच्या ११ वरून लिंबायत ३, कतारगाम-सचिनच्या १४ वरून कतारगाम ६ आणि लिंबायत-कडोदराच्या ८ वरून कडोदरा ५. आता रिकाम्या खान्याच्या भाड्यातून त्याच्या ओळीचा आणि रकान्याचा आकडा वजा करायचा. कतारगाम-पांडेसरा शून्य, कतारगाम-कडोदरा २, उधना-कडोदरा ६. आणि लिंबायत-पांडेसरा? पाचातून तीन आणि तीन गेले, उरले उणे १.

हा उणे १ नुसता खुणेचा आकडा नाही, त्याला रस्त्यावरचा अर्थ आहे. लिंबायतहून एक खेप पांडेसराला पाठवली की ५ वाढतात आणि लिंबायतची सचिनकडची एक खेप कमी होऊन ११ वाचतात. सचिनची भर उधन्याने ८ मध्ये करायची आणि पांडेसराची एक खेप सोडून ३ वाचवायचे. सगळे मिळून १ ने स्वस्त. लिंबायत-सचिनच्या १० खेपा संपेपर्यंत हा फेर चालवता येतो, म्हणून बेरीज ६१५ वर येते. हजार रुपये वाचतात. नव्या वाटपावर चाचणी पुन्हा केली की रिकाम्या खान्यांत शून्य, १, ५ आणि १ येतात. उणे एकही नाही, म्हणजे याहून स्वस्त वाटप नाही.

आता फोटोकडे परत यावे लागते. लिंबायत-पांडेसराचा इंग्रजी आकड्यातला पाच शाईने किंवा सावलीने मिटून सहा वाचला गेला असता, तर उणे १ च्या जागी शून्य आले असते आणि ६२५ ला ‘सर्वोत्तम’ शिक्का बसला असता. कडेच्या बेरजा तरीही जुळल्याच असत्या. म्हणून चाचणीत ज्या खान्यात शून्य किंवा शून्याजवळचा आकडा येतो, तिथले भाडे मूळ वहीत पुन्हा पाहणे सर्वांत फायद्याचे. वाचनातल्या लहानशा चुकीनेही निकाल तिथे पालटू शकतो.

कधी कधी चाचणी सुरूच होत नाही, आणि ‘गणित चुकले’ असे वाटते. तीन ओळी आणि तीन रकाने असताना भरलेले खाने पाच लागतात: ओळी आणि रकाने यांची बेरीज, वजा एक. कतारगामच्या आणि उधन्याच्या खेपा प्रत्येकी २५ असत्या, तर पहिल्याच पावलाला उधना आणि पांडेसरा दोन्ही एकदम संपले असते. खाने चारच भरले असते आणि त्या दोघांचे आकडे इतरांशी जोडता आले नसते. उपाय सोपा आहे: उधना-सचिनसारख्या, भरलेल्या खान्यांशी बंद फेर न बनवणाऱ्या रिकाम्या खान्यात ‘शून्य खेपा’ लिहून तो भरलेला धरायचा.

राहिला शेवटच्या चाचणीतला कतारगाम-पांडेसराचा शून्य. त्याला अनेकजण दोष समजतात. तो सांगतो की तितक्याच खर्चाचे दुसरे वाटपही आहे: कतारगामहून पांडेसराला १५ आणि सचिनला ५, उधन्याच्या तीसही खेपा सचिनला, लिंबायतच्या १० पांडेसराला आणि १५ कडोदऱ्याला. बेरीज पुन्हा ६१५. इथे उधन्याच्या गोदामातून सगळ्या गाड्या एकाच मिलकडे निघतात. त्यामुळे ताक्यांची मोजदाद आणि चिठ्ठ्या सुटसुटीत ठेवायच्या असलेला व्यापारी हेच वाटप निवडेल.