तारा गेल्या, लिंकही गेल्या

पुण्याबाहेरच्या एका 220 केव्ही उपकेंद्रातली जुनी पॅनेल नुकतीच भंगारात निघाली. आता तिथे एका रिलेकडून दुसऱ्या रिलेकडे ट्रिपचा निरोप नेणारी तांब्याची तार उरलेली नाही. निरोप फायबरवरून, गूस संदेशाने जातो. हा बदल व्हायलाच हवा होता. मला बोचले ते वेगळेच. चाचणीला आलेल्या तरुण अभियंत्याला विचारले, ‘एलबीबीचा मार्ग कुठे तोडलास?’ त्याने पडद्यावरच्या एका खुणेकडे बोट दाखवले. ती खूण नेमके काय तोडते, हे मात्र त्याला सांगता आले नाही.

प्रश्न साधा नव्हता. लाइनवर दोष आला, रिलेने ट्रिप दिला आणि ब्रेकर अडकला, तर त्या बसवरचे बाकीचे ब्रेकर उघडण्याचे काम एलबीबीचे. आपल्याकडे त्यासाठी साधारण 200 मिलिसेकंद थांबतात. तेवढ्या वेळात प्रवाह थांबला नाही, तर ब्रेकर उघडला नाही असे समजायचे. आता लाइन भारावर असताना चाचणीतला निरोप चुकून एलबीबीपर्यंत पोचला तर? प्रवाह वाहतच असतो, अट पूर्ण होते आणि निरोगी बस बंद पडते.

आपण इथवर कसे आलो ते पाहू. नव्वदच्या दशकाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. वीज मंडळाचे दिवस, चकतीचे रिले, तेच आराखडे. 2005 मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महापारेषण आली आणि त्याच सुमारास आयईसी 61850 या मानकाचे मुख्य भाग जगापुढे आले.

माझे दशक त्यानंतरचे, 2008 ते 2018. निविदांमध्ये 61850 लिहिलेले असे, रिलेही तसेच येत. पण त्याचा उपयोग बहुतेक ठिकाणी स्काडाच्या पडद्यावर माहिती दाखवण्यापुरता, फार तर इंटरलॉकिंगपुरता होई. ट्रिप तारेनेच. ‘संदेशावर विश्वास ठेवता येत नाही,’ हे वाक्य मी बैठकांत पुन्हापुन्हा ऐकले आणि आजही ते मला पटत नाही. कारण विश्वास ठेवण्यासारखी ती तारही नव्हती. पावसाळ्यात केबल ट्रेंचमध्ये पाणी साचले की 220 व्होल्ट डीसीला अर्थ फॉल्ट येई आणि एकेक फीडर उघडून तो शोधण्यात रात्र जाई. टर्मिनलवर एखादी तार सैल झाली, तर पुढच्या चाचणीपर्यंत किंवा खऱ्या दोषापर्यंत कोणाला पत्ताच लागत नसे.

गूस या बाबतीत उघडपणे सरस आहे. काही घडत नसतानाही संदेश ठरावीक अंतराने येत राहतो. तो थांबला की घेणाऱ्या रिलेला काही सेकंदांत कळते. ट्रिप आला की नवा संदेश ताबडतोब निघतो आणि काही मिलिसेकंदांच्या वाढत्या अंतराने पुन्हापुन्हा पाठवला जातो. पोच मागितली जात नाही. ट्रिपसाठी मानकाची अपेक्षा 3 मिलिसेकंदांची आहे. मधला सहायक रिलेच त्याहून जास्त वेळ खात असे.

पण गूसही मुका होऊ शकतो. एका ठिकाणी लाइनचा रिले बदलला, नवे कॉन्फिगरेशन भरले. दिवे हिरवे, स्काडा व्यवस्थित. एलबीबीची सुरुवात मात्र होईना. स्विचला लॅपटॉप लावून वायरशार्कमध्ये पाहिले. संदेश येत होते, ट्रिप दिल्यावर `stNum` वाढत होता, मग `sqNum` शून्यापासून चढत होता. म्हणजे पाठवणारा ठीक. फरक `confRev` मध्ये होता. डेटासेट बदलल्यामुळे हा आकडा वाढला होता आणि घेणाऱ्याकडे जुनाच होता, म्हणून तो संदेश नाकारत होता. रिलेला हे कळले होते, पण तो अलार्म स्काडाला जोडायचे कोणी सांगितलेच नव्हते.

तारेच्या काळातले मला खरोखर हळहळ वाटायला लावणारे असे एकच, टेस्ट टर्मिनलची लिंक. ती सरकवली की मार्ग तुटला, आणि शेजारी उभ्या असलेल्या ऑपरेटरलाही तो तुटलेला दिसे. मानकाच्या दुसऱ्या आवृत्तीत तिची जागा घेणाऱ्या सोयी आहेत. रिले टेस्ट मोडमध्ये ठेवता येतो, मग त्याच्या संदेशावर तशी खूण येते आणि नेहमीच्या मोडमधला रिले त्यावर कृती करत नाही. `Sim` चालू केला, की चाचणी संचाचा सिम्युलेटेड संदेश मिळताच रिले तो धरतो आणि खरा बाजूला ठेवतो. म्हणूनच काम संपल्यावर `Sim` बंद करायचा राहिला तर धोका असतो. दोन कंपन्यांचे रिले हे सगळे सारखे पाळतातच असे नाही. उपकेंद्र चालू होण्याआधी, फॅक्टरी चाचणीतच हे तपासून घ्यावे लागते.

2020 मध्ये पॉवरग्रिडने पंजाबातल्या मालेरकोटल्याचे जुने उपकेंद्र डिजिटल करून दाखवले. आपण त्याआधीची दहा वर्षे दुहेरी व्यवस्थेत घालवली आणि तेवढ्यात तारेचा प्रत्येक फेरूल तोंडपाठ असलेली माणसे निवृत्त झाली. कोणता निरोप कोणाला आणि का जातो, हे त्यांच्याकडून उतरवून घ्यायचे राहिले. तारेचा आराखडा निदान कपाटात असे. आता तो एससीडी फाइलमध्ये असतो. ज्या उपकेंद्रात पॅनेल भंगारात निघाली, तिथे मी ती फाइल मागितली. शेवटची प्रत ठेकेदाराकडे आहे, असे सांगण्यात आले.