ऋण गुणांचा हिशेब

गेल्या स्नेहसंमेलनात प्रश्नमंजूषेचे सूत्रसंचालन माझ्याकडे होते. त्या दिवशी ढाल चुकीच्या संघाच्या हाती गेली आणि ती चूक माझी होती. अनेकांनी नंतर विचारले, "अरे, साधी बेरीज तुला कशी चुकली?" बेरीज चुकली नव्हती. चुकली होती ती दुरुस्ती. म्हणून हा खुलासा.

नियम सोपे होते. प्रत्येक संघाला बारा प्रश्न. बरोबर उत्तराला 10 गुण, चुकीच्या उत्तराला 5 गुण वजा, सोडलेल्या प्रश्नाला शून्य. शेवटी दोन संघ पुढे राहिले. 'गोदावरी' संघाची आठ उत्तरे बरोबर, तीन चूक आणि एक प्रश्न सोडलेला, म्हणजे 80 वजा 15, एकूण 65. 'शिवना' संघाची सात बरोबर, तीन चूक, दोन सोडलेले, म्हणजे 70 वजा 15, एकूण 55.

एवढ्यात शिवना संघाने हरकत घेतली. प्रवरा गोदावरीला कोठे मिळते, या प्रश्नाला त्यांनी 'टोका' असे उत्तर दिले होते. माझ्या चिठ्ठीवर 'प्रवरासंगम' लिहिलेले होते, म्हणून मी ते चूक ठरवले. आता कायगावचा पूल ओलांडून नगरकडे गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे की टोका आणि प्रवरासंगम ही दोन्ही गावे त्या संगमावरच आहेत. परीक्षक सरांनी हरकत मान्य केली. मी फळ्यावरच्या 55 मध्ये 10 मिळवले. 65-65 अशी बरोबरी झाली, जादा प्रश्न विचारला गेला आणि त्यात गोदावरी संघ जिंकला.

चूक इथेच आहे. ते उत्तर चूक धरले तेव्हा शिवना संघाला नुसते शून्य मिळाले नव्हते, त्यांचे 5 गुण कापलेही होते. म्हणजे आधी कापलेले 5 परत द्यायचे आणि वर बरोबर उत्तराचे 10 द्यायचे, एकूण 15. खरा हिशेब आठ बरोबर, दोन चूक, दोन सोडलेले असा होता, म्हणजे 80 वजा 10, एकूण 70. जादा प्रश्नाची गरजच नव्हती.

घरी हे सांगितले तर वडिलांना क्षणात कळले. ते उसतोडीला जातात. तिथे कामावर न आलेल्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर मुकादम खाडा कापतो. हजर असताना कोणाचा खाडा चुकून लागला, तर नुसती मजुरी देऊन भागत नाही, कापलेला खाडाही परत करावा लागतो. "तू पोराचा खाडा तसाच ठेवलास," एवढेच ते म्हणाले.

हीच गोष्ट देशपातळीवर 2024 च्या नीट परीक्षेत दिसली. तिथे बरोबर उत्तराला 4 गुण आणि चुकीला 1 वजा. पदार्थविज्ञानाच्या एका प्रश्नाला दोन पर्याय बरोबर धरले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि दिल्लीच्या आयआयटीतील तज्ज्ञांच्या मतानुसार जुलैमध्ये एकच पर्याय बरोबर ठरला. दुसरा पर्याय लिहिलेल्यांचे 4 नव्हे, 5 गुण गेले आणि 720 पैकी 720 मिळवलेल्या कित्येकांचे 715 झाले.

आता मी फळ्यावर चढती बेरीज लिहीतच नाही. प्रत्येक संघापुढे फक्त तीन खुणा करतो, बरोबर, चूक, सोडला. हरकत मान्य झाली की आकड्याला हात न लावता खूण बदलायची आणि बेरीज पुन्हा मुळापासून करायची. तिन्ही खुणा मिळून बारा भरल्या पाहिजेत. अकरा किंवा तेरा आल्या तर पुढे जायचे नाही.

नंतर उलट्या बाजूने पडताळा घ्यावा. संघाने सगळे बरोबर सांगितले असते तर 120 झाले असते. त्यातून प्रत्येक सोडलेल्या प्रश्नाचे 10 आणि प्रत्येक चुकीचे 15 कमी करायचे. शिवना संघाचे दोन सोडलेले म्हणजे 20, दोन चुका म्हणजे 30. 120 मधून 50 गेले, राहिले 70. दोन्ही वाटांनी तोच आकडा आला की बेरीज बरोबर. मात्र खूणच भलत्या संघापुढे पडली असेल, तर ती या पडताळ्यात सापडत नाही. त्यासाठी प्रत्येक फेरीनंतर खुणा मोठ्याने वाचून दाखवणे हाच उपाय.

एका संघाने सोडलेला प्रश्न दुसऱ्याकडे गेला, तर त्याचे गुण वेगळ्या रकान्यात ठेवावेत. ते बारांत मिसळले की पडताळा जुळत नाही.

ढाल दुसऱ्या दिवशी सरांच्या परवानगीने शिवना संघाला दिली. गोदावरीच्या मुलांनी ती स्वतः आणून दिली, पण त्यांच्यातला एक जण अजून माझ्याशी बोलत नाही.